मिक्सरचं परीक्षण दहा महिन्यांनी: दोष मोटरचा की भांड्याचा, हे कसं ओळखावं

आमच्या परळच्या घरात दिवसाचं पहिलं वाटप पावणेसहाला होतं. डब्यासाठी चटणी, दुपारी किंवा संध्याकाळी माशाच्या आमटीला ओल्या खोबऱ्याचं वाटप, शनिवारी इडलीचं पीठ, आणि उपासाच्या दिवशी शेंगदाण्याचा कूट. चार माणसांच्या घरात मिक्सर रोज दोनदा तरी चालतो. जुना मिक्सर नऊ वर्षांनी गेला तेव्हा गेल्या दसऱ्याला आम्ही नवा घेतला, ७५० वॅटचा, तीन भांड्यांचा. घेण्याआधी लोकांनी लिहिलेली परीक्षणं मी खूप वाचली. बहुतेक पहिल्याच आठवड्यात लिहिलेली होती: 'मस्त आहे', 'पटकन वाटतो', 'आवाज थोडा जास्त आहे'. पहिल्या आठवड्यात कोणताही मिक्सर मस्तच चालतो. पाती धारदार असतात, पात्याचा दांडा ज्या नळीत फिरतो तो बुश घट्ट असतो, रबर नवं असतं. माणसाला खरं हवं ते पुढचं: पाच महिन्यांनी काय होतं, आणि बिघडलं तर कंपनी कशी वागते.

म्हणून या वेळी मी पहिल्या दिवसापासून एका वहीत नोंदी ठेवल्या. त्या कशा ठेवायच्या, त्यांतून काय कळतं, आणि आमच्या मिक्सरला मार्चमध्ये झालेल्या बिघाडाचं कारण त्यांच्यामुळे कसं सापडलं, ते इथे लिहिते. परीक्षण लिहिणाऱ्याला यातलं बहुतेक लागेल. नुसता मिक्सर वापरणाऱ्यालाही लागेल, कारण दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी आपल्याला बिघाड कुठे आहे याचा अंदाज असेल तर तिथलं बोलणं वेगळं होतं.

पहिला दिवस: एक ठरलेलं वाटप

परीक्षणाचा पाया म्हणजे एक असं वाटप, जे दर महिन्याला अगदी त्याच मापाने पुन्हा करता येईल. रोजचा स्वयंपाक अंदाजाने होतो, त्यामुळे 'हल्ली नीट वाटत नाही' असं वाटलं तरी ते खरं की मनाचा भास हे कळत नाही. मी माझं माप असं ठरवलं: दीडशे ग्रॅम ओलं खोबरं, अर्धा तास भिजवलेल्या आठ बेडगी मिरच्या, एक मोठा चमचा धणे, चार लसूण पाकळ्या, लिंबाएवढी नव्हे, आवळ्याएवढी चिंच, आणि शंभर मिली साधं पाणी. हे चटणीच्या भांड्यात घालायचं, एक मिनिट मधल्या वेगावर, मग झाकण काढून कडेचं खाली ओढायचं, आणि पुन्हा एक मिनिट वरच्या वेगावर. दोन मिनिटांच्या पुढे जायचं नाही. वाटप जाडं राहिलं तरी तिथेच थांबायचं, कारण आपल्याला स्वयंपाक नाही, मिक्सर तपासायचा आहे. (वाटप वाया जात नाही, मोजून झालं की तेच पुन्हा फिरवून आमटीत घालते.)

आता मोजायचं कसं? बोटांत घेऊन चोळून पाहणं ही आपली जुनी रीत आहे आणि ती चांगली आहे, पण ती लिहून ठेवता येत नाही. मी वाटप एका भांड्यात काढून त्यात दोन पेले पाणी घालते, ढवळते आणि चहाच्या गाळणीतून ओतते. गाळणीत राहिलेला चोथा दाबून निथळवते आणि वजन करते. ज्या घरी केक होतो तिथे ग्रॅमचा काटा असतोच. गाळणी मात्र दर वेळी तीच हवी. पहिल्या दिवशी माझा चोथा नऊ ग्रॅम भरला. नऊ चांगले की वाईट याला अर्थ नाही, कारण माझी गाळणी वेगळी आणि तुमची वेगळी. अर्थ आहे तो फरकाला.

त्याच दिवशी मोठ्या भांड्यासाठीही एक माप ठरवून ठेवा. हे मी जवळजवळ विसरले होते, आणि पुढे नेमकं हेच कामाला आलं. माझं माप म्हणजे चार तास भिजवलेली दोन वाट्या उडदाची डाळ आणि एक वाटी गार पाणी. पीठ बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत मधल्या विश्रांती सोडून एकूण किती वेळ लागला ते लिहायचं. पहिल्या दिवशी साडेचार मिनिटं लागली.

मोटर: वॅटच्या आकड्याच्या पलीकडे

डब्यावर ७५० किंवा १००० वॅट लिहिलेलं असतं ती मोटर वीज किती खेचू शकते याची मर्यादा आहे. त्यातली किती ताकद पात्यापर्यंत पोचते हे तो आकडा सांगत नाही. मिक्सरची मोटर रिकामी फिरत असताना कमी वीज घेते आणि ओझं आलं की जास्त घेते. माझ्याकडे सॉकेटमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर आहे. त्यावर चटणीचं भांडं रिकामं असताना साधारण २८० वॅट दिसले, वाटप करताना चारशेच्या आसपास, आणि उडीद डाळीला साडेपाचशेच्या थोडं वर. म्हणजे ७५० वॅटपर्यंत आमचं रोजचं काम कधी गेलंच नाही. चार माणसांच्या घरात वाटप आणि इडली यासाठी ७५० पुरतात असं माझं मत या आकड्यांवरून झालं. मीटर नसेल तरी हरकत नाही, पुढच्या खुणा कानांनी आणि हातांनी कळतात.

या मोटरचा स्वभाव असा की ओझं वाढलं की तिचा वेग पडतो. रिकामी असताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्या मारणारी मोटर जाडं वाटप आलं की मंदावते आणि आवाजाची पट्टी खाली उतरते. थोडी उतरणं स्वाभाविक आहे. पट्टी उतरून पुन्हा वर आली तर मोटर ओझं पेलते आहे. उतरली आणि तशीच घुमत राहिली, तर एक तर पाणी कमी आहे, नाही तर भांडं जास्त भरलं आहे, आणि दोन्ही नसेल तर मोटरला तपासायला हवं.

दुसरी खूण उष्णतेची. उडीद वाटून झाल्यावर प्लग काढा आणि मोटरच्या तळाशी असलेल्या जाळीजवळ हात धरा. तिथून कोमट हवा येणं ठीक. हात ठेववत नाही इतकी गरम असेल, किंवा जळक्या रबराचा वास येत असेल, तर त्याची नोंद तारखेसह करा. नव्या मिक्सरला पहिल्या चार-पाच वेळा वार्निशसारखा वास येतो, तो तारेच्या गुंडाळीवरच्या लेपाचा असतो आणि निघून जातो. महिन्याभराने पुन्हा वास आला तर मात्र तो साधा नाही. तळाच्या पट्टीवर सलग किती मिनिटं चालवायचं आणि मध्ये किती थांबायचं हे लिहिलेलं असतं, बऱ्याच मिक्सरवर पाच मिनिटं चालू आणि दोन मिनिटं बंद असं असतं. परीक्षणात मोटर गरम होते असं लिहिण्याआधी आपण ती मर्यादा पाळली का, हे पाहणं न्यायाचं आहे.

तळाशी एक लाल बटण असतं. ओझं फार झालं की ते बाहेर येतं आणि मिक्सर बंद पडतो. पुष्कळ लोक यालाच बिघाड समजून एक तारा देतात. खरं तर ते बटण मोटर वाचवतं. प्लग काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, वाटप थोडं कमी करायचं किंवा पाणी घालायचं, बटण आत दाबायचं. जाड्या सुक्या चटणीला ते एकदा पडलं तर तक्रार नाही. पण ठरलेल्या मापाच्या वाटपालाच पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तो दोष आहे आणि तेव्हा तक्रार करायलाच हवी. आमचं बटण दहा महिन्यांत एकदाच पडलं, तेही मी सुकं खोबरं आणि तीळ एकदम भरले तेव्हा.

कमी वेगाची परीक्षा मात्र कुणी घेत नाही, आणि आपल्या स्वयंपाकाला ती फार लागते. शेंगदाण्याचा कूट करून पाहा. भाजून गार केलेले दाणे पाऊण वाटी घ्या, नॉब उलट्या बाजूला फिरवून दोन-दोन सेकंदांचे सात-आठ झटके द्या. कूट मोकळा, रवाळ झाला तर मिक्सरवर आपला ताबा आहे. भांड्याच्या कडेला तेलकट लगदा चिकटला आणि मधे अख्खे दाणे राहिले, तर सुरुवातीचा वेगच फार जास्त आहे. आमचा इथे कमी पडला. उपासाच्या खिचडीला लागणारा कूट मी अजून अर्धा खलबत्त्यात करते.

ताकदीचीही एक हद्द आहे. किलोभर मालवणी मसाला घरच्या मिक्सरवर करू नये, मग तो कितीही वॅटचा असो. भाजलेल्या सुक्या मिरच्यांचं आणि धण्यांचं ते सलग काम आहे, त्यात मोटर तापते आणि मसालाही तापून त्याचा वास उडतो. त्यासाठी लालबागला डंक आहेत. मिक्सरने ते काम केलं नाही म्हणून त्याचे गुण कापू नयेत.

या सगळ्या प्रकाराला एक जुनी गोष्ट आहे. १९६०च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये अभियंता असलेल्या सत्यप्रकाश माथुर यांच्या घरचा परदेशी मिक्सर बंद पडला आणि इथे त्याची दुरुस्ती होईना, तेव्हा त्यांनी आपल्या वाटणाघाटणाला टिकेल असा 'सुमीत' तयार केला. भारतीय मिक्सरची सुरुवातच अशी जाड्या वाटपातून आणि न मिळणाऱ्या दुरुस्तीतून झाली आहे. परीक्षणातही त्या दोन गोष्टींना सगळ्यात जास्त जागा मिळावी असं मला वाटतं.

आवाज: किती, आणि कसला

मुंबईच्या घरात आवाज हा शेजारधर्माचा प्रश्न आहे. आमचं स्वयंपाकघर आठ फूट बाय सहा, तिन्ही भिंतींना टाइल्स, त्यामुळे आवाज आतल्या आत घुमतो. फोनवरच्या आवाज मोजण्याच्या ॲपचा आकडा प्रयोगशाळेसारखा अचूक नसतो, पण तोच फोन, तीच जागा आणि तेच अंतर ठेवलं तर महिन्या-महिन्यांतला फरक नीट कळतो. मी फोन मिक्सरपासून एक मीटरवर, ओट्याच्याच उंचीला धरते. पहिल्या दिवशी रिकाम्या भांड्याला ८४ डेसिबल आणि वाटप करताना ८७ दाखवले. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो, त्यामुळे दोन-तीनचा फरक परीक्षणात फार मोठा करून सांगू नये.

आकड्यापेक्षा आवाजाची जात महत्त्वाची. पहिल्या दिवशी दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण करून तारीख घालून ठेवा आणि दर महिन्याला तसंच करा. फोन स्वतःच आवाज कमी-जास्त करून घेतो, म्हणून ध्वनिमुद्रणावरून मोठा की लहान हे ठरवू नका, फक्त जात ऐका. एकसारखी घूं-घूं हा निरोगी आवाज. त्यात खडखड मिसळली तर भांडं खाचेत नीट बसत नाही किंवा भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात झिजले आहेत. धातूवर धातू घासल्यासारखी किर्र आली तर भांड्यातला बुश कोरडा पडला आहे. भांडं काढून ठेवल्यावरही तशीच किर्र येत असेल तर ती मोटरच्या आतली आहे. हा एवढा फरक ओळखता आला तरी पुष्कळ झालं.

शेजाऱ्यांना जाणारा आवाज मात्र हवेतून कमी आणि ओट्यातून जास्त जातो. ओट्याचा दगड भिंतीत बसवलेला असतो, आणि मिक्सरची थरथर त्यातून सरळ पलीकडच्या घरात पोचते. मी शेजारच्या काकूंना त्यांच्या बाजूला उभं राहायला सांगितलं आणि मिक्सर तीन ठिकाणी चालवला: भिंतीला टेकून, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि जाड रबरी चटईच्या तुकड्यावर. माझ्या फोनवर तिन्ही वेळा जवळपास सारखाच आकडा आला. काकू म्हणाल्या, "तिसऱ्या वेळी चालू केलास की नाही तेच कळलं नाही गं." त्या दिवसापासून मिक्सर रबरावरच आहे. मिक्सरखाली टॉवेल किंवा फडकं मात्र घालू नका. तळाच्या जाळीतून मोटर थंड ठेवणारी हवा खेळते, कापडाने ती बंद होते.

भांडी: सगळ्यात आधी इथेच बिघडतं

भांड्याचं स्टील पाहायला लोक चुंबक लावतात. चुंबक चिकटलं तर स्टील हलकं, हे बऱ्याच वेळा खरं असतं, पण न चिकटलं म्हणून ते ३०४ प्रतीचंच असं ठरत नाही, कारण स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. खरा निकाल पावसाळा देतो. आमच्याकडे जुलैमध्ये भिंतींनाही ओल येते. तेव्हा भांड्याच्या आतल्या बाजूला, तळ जिथे जोडला आहे त्या सांध्यावर आणि पात्याच्या नटाभोवती तांबूस ठिपके येतात का ते पाहा. आमच्या मोठ्या भांड्याला आले नाहीत, सुक्या भांड्याच्या नटाला एक आला.

पण भांड्याचं आयुष्य स्टीलपेक्षा त्याच्या पोटातल्या एका छोट्या वस्तूवर अवलंबून असतं, ती म्हणजे बुश. पात्याचा दांडा भांड्याच्या तळातून खाली जातो, तो ज्या धातूच्या नळीत फिरतो तो बुश. त्याच्याजवळच पाणी अडवणारं रबर असतं. दांड्याच्या खालच्या टोकाला कपलर, तो मोटरवरच्या कपलरमध्ये अडकतो. कपलर मुद्दामच मऊ पदार्थाचा करतात, म्हणजे काही अडकलं तर त्याचे दात तुटतात आणि मोटर वाचते. बुश झिजला की दांडा डुलतो, डुललेला दांडा रबर खातो, आणि मग भांडं गळायला लागतं.

दर महिन्याला तीन गोष्टी करा, पाच मिनिटांचं काम आहे. प्लग काढलेला असताना भांडं हातात घेऊन पातं जपून धरा आणि आडवं हलवून पाहा. वर-खाली किंचित हलणं चालतं, आडवं डुलणं चालत नाही. मग भांडं उलटं करून कपलर बोटाने फिरवा, तो न अडखळता फिरायला हवा. शेवटी भांडं अर्धं पाण्याने भरून जुन्या वर्तमानपत्रावर पंधरा मिनिटं ठेवा, मग अर्धा मिनिट चालवा आणि पुन्हा कागदावर ठेवा. उभं असताना न गळणारं भांडं चालवल्यावर गळू शकतं, म्हणून दोन्ही हवं. कागदावर काळसर तेलकट वर्तुळ उमटलं तर समजा, बुशमधलं वंगण बाहेर येतंय. तेच वंगण तुमच्या चटणीतही जातंय.

आमचं मार्चमधलं प्रकरण

फेब्रुवारीपर्यंत चोथा नऊ-दहा ग्रॅमच्या पुढे गेला नव्हता. मार्चच्या पहिल्या रविवारी तो सतरा भरला. त्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या की आमटी हल्ली चरबरीत लागते. घरात सगळ्यांचं एकच मत पडलं: मोटर कमजोर झाली. वही नसती तर मीही तेच मानलं असतं.

मी उडीद डाळीचं माप लावलं. मोठ्या भांड्यात पीठ व्हायला पाच मिनिटांच्या आतच वेळ लागला, म्हणजे ऑक्टोबरसारखाच. मोटर खरंच कमजोर झाली असती तर तिचं सगळ्यात जड काम आधी अडलं असतं. मग रिकाम्या चटणीच्या भांड्याची वीज पाहिली. २८० ऐवजी ३३० वॅट दिसत होते. रिकाम्या भांड्याला जास्त वीज लागते म्हणजे दांडा बुशमध्ये घासतोय. ध्वनिमुद्रण लावलं तर फेब्रुवारीपेक्षा वेगळी, बारीक किर्र ऐकू आली, आणि भांडं काढून मोटर चालवल्यावर ती नव्हती. पातं आडवं डुलत होतं. कागदावर काळं वर्तुळ उमटलं. मोटर ठणठणीत होती, बुश गेला होता.

कारणही शोधलं. चटणीचं भांडं आमच्याकडे रात्रभर सिंकमध्ये पाण्यात पडलेलं असायचं. त्याने खालून बुशमध्ये पाणी शिरतं आणि वंगण धुऊन जातं. आता वाटप झालं की लगेच त्यात पाणी घालून दहा सेकंद फिरवते, ओतते आणि उलटं न बुडवता धुऊन पालथं ठेवते. आमची सवय चुकीची होती हे परीक्षणात मी लिहिलं, आणि पाच महिन्यांत बुश जाणं हे तरीही लवकर आहे हेही लिहिलं. जुन्या मिक्सरच्या भांड्याला आम्ही तसंच वागवत होतो आणि त्याचा बुश तीन वर्षं गेला नव्हता.

वॉरंटी: कार्ड आधी वाचा, मग फोन करा

'मोटरवर पाच वर्षं' हे मोठ्या अक्षरात असतं. बारीक अक्षरात बहुधा असं असतं की संपूर्ण मिक्सरची वॉरंटी दोन वर्षं, त्यापुढे फक्त मोटर, तीही मजुरी सोडून, आणि झिजणारे भाग कधीच नाहीत. झिजणारे भाग कोणते, त्यांची यादी कार्डात शब्दशः वाचा. आमच्या कार्डात पातं, कपलर, झाकण, रबरी रिंग आणि कार्बन यांची नावं होती. बुशचं नाव नव्हतं. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली.

मग टोल फ्री क्रमांकावर फोन. तक्रार क्रमांक, तारीख आणि पलीकडच्याने काय सांगितलं ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. मिक्सरसाठी घरी माणूस येत नाही, सेवा केंद्रात आणा, असं उत्तर मिळालं. नुसतं भांडं चालेल का, असं विचारलं तर म्हणे चालेल. दादरच्या केंद्रात गेल्यावर त्यांना मोटरचा भागही हवा होता, कारण अनुक्रमांक त्याच्या तळाशी असतो. तो एक हेलपाटा वाया गेला. तुम्ही जाताना सगळा मिक्सर, मूळ बिल आणि कार्ड एकदमच न्या. ऑनलाइन घेतला असेल तर विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल आधीच छापून ठेवा, डब्यावरची चिठ्ठी म्हणजे बिल नाही.

दुसऱ्या खेपेला काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ताई, बुश वॉरंटीत येत नाही, साडेतीनशे होतील." मी कार्ड पुढे केलं आणि म्हटलं, "या यादीत बुश कुठे आहे ते दाखवा, आणि येत नाही असं जॉबशीटवर लिहून द्या." माझा आवाज मी चढवला नाही, ते लागलंही नाही. तो आत गेला, साहेबांशी बोलला आणि जॉबशीटवर 'वॉरंटी' अशी खूण करून भांडं ठेवून घेतलं. आठ दिवसांनी फोन आला. केंद्रातून निघण्याआधी मी तिथेच भांड्यात पाणी घालून त्यांच्या मिक्सरवर अर्धा मिनिट चालवून घेतलं आणि कागदावर ठेवून पाहिलं. काढलेला जुना भागही मागून घेतला. घरी त्याच रविवारी वाटप केलं: चोथा पुन्हा नऊ ग्रॅम.

लेखी नकार मिळाला असता तर पुढचा मार्ग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा होता. तिचा क्रमांक १९१५, आणि तिथे तक्रार नोंदवताना जॉबशीटचा फोटो आणि तारखांची यादी हाताशी असली की काम सोपं होतं. त्यानेही न झाल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे शुल्क नाही. पण तोवर एक गोष्ट सांभाळा: वॉरंटी चालू असताना मोटर जवळच्या मिस्त्रीकडून उघडून घेऊ नका. एकदा उघडली की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

काहीच बिघडलं नसेल तरी सेवेची परीक्षा घेता येते, आणि परीक्षण लिहिणाऱ्याने ती घ्यावीच. पहिल्या महिन्यात सेवा केंद्राला फोन करून आपला मॉडेल क्रमांक सांगा आणि विचारा: मोठ्या भांड्याचा कपलर आणि बुश आत्ता ठेवलेला आहे का, केवढ्याला, आणि भांडं आलं तर किती दिवसांत परत मिळेल. किंमत सांगता आली तर तो भाग त्यांच्याकडे खरोखर येतो. 'मागवावा लागेल' एवढंच उत्तर आलं तर तेही परीक्षणात तसंच लिहा. लोहार चाळीत किंवा भांड्यांच्या दुकानांत मिळणारी जुळती भांडी स्वस्त पडतात, पण खाचा पाव मिलिमीटरने जरी सैल असल्या तरी कपलर आपटत राहतो. वॉरंटी आहे तोवर मी मूळचंच भांडं वापरते.

परीक्षणात मी गुण वेगवेगळे दिले. मोटरला पाचपैकी साडेचार, कूट नीट होत नाही म्हणून अर्धा कापून. आवाजाला तीन, रबरी चटईची सूचना जोडून. भांड्यांना अडीच. सेवेला साडेतीन: काम झालं, पण एक हेलपाटा चुकीच्या माहितीने आणि पहिलं उत्तर पैसे मागणारं. चारही आकड्यांच्या पुढे तारखा लिहिल्या, म्हणजे वाचणाऱ्याला कोणत्या महिन्याचं बोलणं आहे ते कळेल.

आमच्या बिलावरची तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर मोठी लिहून ठेवली आहे. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी तिन्ही भांडी पाण्याने भरून कागदावर ठेवीन, पाती हलवून पाहीन, वाटप आणि उडीद एकेकदा मापाने करीन. जे काही निघेल त्याची तक्रार मुदतीच्या आतच नोंदवीन, कारण तक्रार कोणत्या तारखेला नोंदवली तेच केंद्रात आधी पाहतात.